डबा किती भरायचा: चमच्यात आणि नगात

प्रश्न: ताई, आम्ही देवगडजवळ राहतो. मुलगी ६ वर्षांची, पहिलीत. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. शाळा साडेदहा ते पाच, मोठी सुट्टी दीडला, छोटी साडेतीनला. शाळेत जेवण मिळत नाही. दोघांनाही तीन पोळ्या, चार चमचे बटाट्याची भाजी आणि छोट्या सुट्टीला चार बिस्किटे देते. तिचा डबा निम्मा परत येतो, आणि तो घरी आला की दिसेल ते खातो. सासूबाई म्हणतात, "डबो भरून दी गो, पोरां उपाशी रवतली." मला चमच्यात आणि नगात सांगा, कोणाला किती?

उत्तर:

आधी चमचा ठरवू, कारण सगळी फसगत तिथेच होते. माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांत पोह्याचा चमचा दहा मापांचा असतो. तापाच्या औषधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असलेले टोपण येते ना, ते घ्या आणि तुमच्या चमच्याने त्यात पाणी ओता. १५ मिली भरले तर तो माझा 'चमचा'. १० भरले तर मी एक म्हणेन तिथे तुम्ही दीड घ्या. असे दहा चमचे म्हणजे १५० मिलीची एक वाटी. चमचा सपाट भरायचा, शीग लावायची नाही. शीग लावली की दहाचे चौदा कधी होतात ते कळत नाही.

पोळीचेही तसेच. माझी पोळी म्हणजे २५ ग्रॅम पिठाची, लिंबाएवढ्या गोळ्याची, तेल लावून साधारण १०० कॅलरीची. तेवढेच सात चमचे भातातून मिळते, किंवा हाताच्या पंज्याएवढ्या एका घावनातून. आंबोळी जाड असते, तिला सव्वा पोळी धरा. तांदळाची भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची, पण ती दुपारपर्यंत वातड होते. सहा वर्षांच्या पोरीने ती दातांनी ओढत बसायची म्हणजे सुट्टी संपली.

आता तुमचाच डबा मोजू. तीन पोळ्यांचे ३००, चार चमचे बटाट्याच्या भाजीचे साठ-सत्तर, चार बिस्किटांचे नव्वदच्या आसपास. सगळे मिळून ४६० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला १३६० कॅलरी सांगितल्या आहेत, ७ ते ९ ला १७०० आणि १० ते १२ वर्षांच्या मुलग्याला २२२०. साडेदहा ते पाच या वेळात, दोन्ही सुट्ट्या धरून, दिवसाच्या खाण्याचा साधारण तिसरा हिस्सा पोटात जायला हवा. तिचा तो हिस्सा होतो ४५०, त्याचा ७४०. तो वाढीच्या उंबरठ्यावर आहे आणि घरी परत चालत येतो, म्हणून त्याचे मी ८०० धरते. म्हणजे आकड्यात तिचा डबा बरोबर आहे आणि त्याचा जेमतेम निम्म्याच्या वर. तो घरी आल्यावर तुटून पडतो याचे उत्तर एवढेच. त्याला हावरट म्हणू नका.

सरकारी शाळेतल्या पोषण आहाराचे मापही हेच सांगते. पहिली ते पाचवीला दुपारच्या ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. धान्य लहान गटाला १०० ग्रॅम, मोठ्याला १५०. डाळ २० आणि ३०. हे सगळे कच्चे वजन आहे. १०० ग्रॅम तांदूळ शिजले की अडीच वाट्या भात होतो, हे ऐकून बहुतेक आया दचकतात. तुमची दोन्ही मुले या सीमेच्या दोन बाजूंना आहेत आणि डबा मात्र एकच आहे.

मग तिचा आकड्यात बरोबर असलेला डबा परत का येतो? याचे उत्तर उरलेल्या डब्यातच असते, म्हणून तो लगेच घासायला टाकू नका. तीन दिवस उघडून बघा आणि काय उरले ते लिहून ठेवा. पोळ्या वरून एकेक करून संपल्या आणि खालची तशीच राहिली, तर वेळ पुरली नाही. प्रत्येक पोळीचा एकेक घास मोडलेला दिसला, तर चावायला जड गेली किंवा चव आवडली नाही. भाजी संपली आणि पोळी उरली, तर भाजी कमी पडली, कोरडी पोळी तिला गिळवत नाही. डबा हातच न लावलेला आला, तर खाण्याचा विचार नंतर करा, आधी झाकण तिच्याकडून उघडून घ्या. माझ्या धाकट्याने दुसरीत असताना आठवडाभर डबा जसाच्या तसा आणला होता. मी तीन भाज्या बदलल्या. शेवटी कळले की नव्या डब्याची कडी त्याच्या बोटांना निघत नव्हती आणि बाईंना सांगायची त्याला लाज वाटत होती.

तुमच्या वर्णनावरून मला वाटते, तिसरी पोळी तिच्या वेळेत बसत नाही. पंचवीस मिनिटांच्या सुट्टीत हात धुणे, जागा पकडणे आणि मैत्रिणीचा डबा बघणे यात दहा जातात. उरलेल्या पंधरात सहा वर्षांचे मूल कोरड्या बटाट्याबरोबर दोन पोळ्या नीट चावून खाते. तिसरी तिने संपवावी अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

घरगुती हिशेबासाठी मी एक नियम करून घेतला आहे. तो कुठल्या पुस्तकातला नाही, वरच्या आकड्यांवरून बसवलेला आहे. मोठ्या सुट्टीच्या डब्यात उसळ किंवा घट्ट वरण वयापेक्षा एक चमचा कमी, भाजी वयाच्या निम्मे चमचे, आणि भात वयाच्या पावणेदोन पट चमचे. भात नसेल तर पोळ्या वयाच्या एक तृतीयांश. 'वयाएवढे चमचे' हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो दोन-तीन वर्षांच्या बाळांसाठी ठीक आहे. शाळेतल्या मुलाला त्या मापाने भात दिला तर सहा चमचे होतात, म्हणजे एका पोळीपेक्षाही कमी. त्यावर दुपार निघत नाही.

तुमच्या मुलीला हा नियम लावू. वय ६, म्हणजे दोन पोळ्या, पाच चमचे मुगाची घट्ट उसळ, आणि भाजीच्या जागी एक उकडलेले अंडे. कॅलरी २००, ८० आणि ७०, एकूण ३५०. छोट्या सुट्टीला एक वेलची केळे आणि पाच-सहा काजू, आणखी १००. बेरीज तुमच्या आधीच्या डब्याएवढीच, ४५०. फरक असा की चावायची पोळी एक कमी झाली, ओलसर उसळ आली आणि प्रथिने वाढली. पोळीचा रोल करून त्याचे दोन तुकडे करा, दोन पोळ्यांचे चार. तिला मोजताही येते, 'चारांतले तीन खाल्ले' असे ती स्वतः सांगेल. अंडे खात नसाल तर उसळ सात चमचे करा आणि छोट्या सुट्टीला केळ्याबरोबर काजूऐवजी एक लहान शेंगदाण्याचा लाडू द्या.

भाताचा दिवस असेल तर तिला दहा चमचे भात, म्हणजे एक वाटी, पाच चमचे घट्ट वरण, अर्धा चहाचा चमचा तूप, तीन चमचे भाजी आणि अंडे. वरण घट्टच हवे. पळीवाढ्या आमटीचे पाच चमचे म्हणजे बरेचसे पाणीच, आणि ते दप्तरात सांडते ते वेगळेच.

मुलाला हाच नियम लावला की चार पोळ्या (खरे तर पावणेचार, पण पाव पोळी कोण मोजणार), दहा चमचे म्हणजे वाटीभर उसळ, पाच चमचे भाजी. ४००, १५० आणि ६०, एकूण ६१०. छोट्या सुट्टीला शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू, प्रत्येकी मोठ्या सुपारीएवढा, २० ग्रॅमचा. त्यांचे २००. झाले ८१०. भाताचा दिवस असेल तर वीस चमचे, म्हणजे दोन वाट्या. त्याला तुमच्या मुलीच्या मापाचा डबा पुरणार नाही, दुसरा घ्यावा लागेल. तो खर्च टाळू नका, कारण लहान डब्यात दाबून भरलेली उसळ पोळीत मुरते आणि मग तो दोन्ही टाकून देतो.

मधल्या वयाचे कोणी वाचत असेल तर, ८ वर्षांच्या मुलाला अडीच पोळ्या किंवा चौदा-पंधरा चमचे भात, सात चमचे उसळ, चार चमचे भाजी आणि एक अंडे. छोट्या सुट्टीला एक लाडू आणि अर्धे केळे. चारच्या आतल्या मुलांना हा नियम लावू नका, त्यांना शेंगदाणे आणि काजू अख्खे देऊच नयेत, घशात अडकतात. बारानंतरही तो मोडतो, मग वयापेक्षा भूक खरी.

आता घावनांविषयी. आपल्याकडे डब्यात चार घावने आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दिली की आईला वाटते, पोटभर दिले. घावने जाळीदार आणि हलकी, चार म्हणजे ताट भरल्यासारखे दिसते. पण ते नुसते तांदूळ. चार घावनांत अंड्यात असतात त्याहून थोडीच जास्त प्रथिने मिळतात, आणि तीनच्या सुमारास मूल पुन्हा रिकामे. घावन द्यायचे तर मुलीला दोन आणि मुलाला चार, पण सोबत उसळ वरच्याच मापाने, चटणीवर भागवायचे नाही. आंबोळी याहून बरी, तिच्यात उडीद असतो. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे हा मला आपल्या भागातला सगळ्यात समतोल डबा वाटतो. मुलीला दीड आंबोळी आणि पाच चमचे सांबारे, मुलाला तीन आणि दहा चमचे. वाटाणे बोटांत चिरडतील इतके शिजलेले हवेत.

ओल्या खोबऱ्याची दुसरी अडचण म्हणजे आपली हवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी एकदा मुलाला सकाळी साडेनऊला मटकीची उसळ भरून दिली, वरून मूठभर ओले खोबरे. पाचला डबा परत आला तेव्हा झाकण उघडताच आंबूस वास, आणि चमचा लावला तर उसळीला तार सुटत होती. तो म्हणाला, "आई, दीडलाच आंबट लागत होती." त्याने खाल्ली नाही हे नशीब. तेव्हापासून डब्याच्या उसळीत मी खोबरे कच्चे घालत नाही. कांदा-खोबऱ्याचे भाजलेले वाटप घालून उसळ चांगली उकळते, किंवा सुके खोबरे भाजून कुटून घालते. मुलीच्या पाच चमचे उसळीला एक चमचा वाटप पुरते.

दुसरी चूक वाफेची. गरम भात डब्यात घातला आणि लगेच झाकण लावले की आतून पाण्याचे थेंब जमतात. त्याने घावन लगदा होते, पोळी चिकटते, आणि कोमट ओलाव्यात अन्न लवकर बिघडते. ताटात पसरून दहा-पंधरा मिनिटे पंख्याखाली ठेवा, मग भरा. रात्रीचा भात सकाळी फोडणीला घालून डब्यात देऊ नका, विशेषतः तो रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर. भातात एक जंतू असतो, त्याचे बीज शिजवूनही मरत नाही आणि भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करते. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. फोडणीच्या भातावर घरात सगळे खूश असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि मासे? तुमच्या सासूबाई विचारतीलच. डब्यात नको. एक तर काटे, घाईत आणि गप्पांत खाताना. दुसरे म्हणजे बांगडा, तारली, सुरमई हे मासे पकडल्यापासून गरम हवेत राहिले की त्यांच्यात हिस्टॅमिन तयार होते, तोंडाभोवती लाल चट्टे, अंगाला खाज आणि डोकेदुखी येते, आणि तळून किंवा शिजवून ते जात नाही. मासळी रात्रीच्या जेवणाला ठेवा, तिथे मुलीला एक मध्यम तुकडा, मुलाला दोन. फार आग्रह असेल तर सुक्या जवळ्याची चटणी डब्यात चालते, पण ती खारट असते. मुलीला चहाचा एक चमचा, मुलाला दोन.

बिस्किटांबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. चार बिस्किटांत कॅलरी वेलची केळ्यापेक्षा जास्त आहेत, पण त्या मैदा आणि साखरेच्या. तीच गत फणसपोळीची. ती आपली म्हणून आपण तिला फळ समजतो. ती आटवलेला गर आहे, बहुतेक घरांत साखर घातलेला, आणि दातांना चिकटून बसते. दोन बोटे रुंद एक पट्टी, आठवड्यातून एकदा, आणि त्यावर खळखळून चूळ.

सगळे माप एकाच सोमवारी बदलू नका. आधी मुलीची एक पोळी कमी करा आणि उसळ घाला. मुलाला एक पोळी आणि पाच चमचे उसळ वाढवा. चार दिवस डबे उघडून बघा. डबा रिकामा आला आणि मूल घरी येऊन शांतपणे एक वाटी पोहे खाऊन खेळायला गेले, तर माप जुळले. डबा रिकामा आणि दारातच "आई, काय आहे?" अशी हाक, तर दोन चमचे भात किंवा अर्धी पोळी वाढवा. डबा रोज उरतो आणि संध्याकाळी भूकही नसते, तेव्हा सकाळचे बघा. शाळेला निघताना साडेनऊला वाडगाभर पेज आणि वर मोठा पेला दूध झाले असेल, तर दीडला तिला भूक लागणारच नाही. तिला पेज एक वाटीच पुरे, दूध संध्याकाळी द्या.

चमचे मोजून झाले की दर तीन महिन्यांनी एकाच काट्यावर दोघांचे वजन करा आणि दाराच्या चौकटीवर उंचीची रेघ मारा. या वयात वर्षाला दोन ते तीन किलो आणि पाच-सहा सेंटीमीटर अशी साधारण वाढ असते, मुलाची आता यापेक्षा वेगाने सुरू होईल. रेघ सहा महिने जागची हलली नाही, वजन उतरू लागले, किंवा तो खूप खाऊनही वाळतो आणि सारखे पाणी पितो, सारखा लघवीला जातो असे दिसले, तर त्याचा डब्याशी संबंध नाही. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडेच जायला हवे, आणि शेवटच्या बाबतीत तर त्याच दिवशी.

सासूबाईंना दोन डबे शेजारी ठेवून दाखवा, तिच्या चार रोलचा आणि त्याच्या चार पोळ्यांचा. त्यांचे म्हणणे निम्मे बरोबरच होते, भरून द्यायचा डबा मुलाचा होता.